वसूलराव आणि दाढेचा विमा

विमा एजंट ताई पहिल्यांदा बसडेपोच्या स्टोअरमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांना वाटलं की आपण चुकून सरहद्द ओलांडली. जाळीआडून एक चष्मा वर झाला आणि आवाज आला, "काय घेऊन आलात आणि काय घेऊन जाणार?" त्यांनी छत्रीची नोंद दिली, पर्सची दिली, बसायला खुर्ची मिळाली तेव्हा खुर्चीसाठी सही दिली, आणि ती डगमगते म्हटल्यावर 'खुर्ची डगमगत्या अवस्थेत स्वीकारली' असं लिहून खाली पुन्हा सही दिली. तेवढ्या वेळात बाहेर म्हणे दोन बस नव्याच्या जुन्या झाल्या. पाणी आलं तेव्हा ताईंनी ग्लासला हातच लावला नाही, उगाच आणखी एक सही नको म्हणून.

जाळीआडच्या स्टोअरकीपरला सगळा डेपो वसूलराव म्हणायचा. माणूस कंजूष नव्हता, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. कंजूष खर्च करत नाही. वसूलराव खर्च करायचे आणि मग त्याच्या मागे हात धुऊन लागायचे. बसचा पास काढला की सुट्टीच्या दिवशीही दोन फेऱ्या मारून यायचे, कुठे जायचं नसताना. लायब्ररीतून सर्वांत जाड पुस्तक आणायचे, वाचायला नव्हे, वर्गणी तेवढी आहे म्हणून. हॉटेलात एक रात्र राहिले तर दोन वेळा आंघोळ करायचे.

अशा माणसाला ताईंनी सांगितलं, "काका, तुमची पॉलिसी फक्त हॉस्पिटलात ॲडमिट झालात तरच पैसे देते. आजवर किती वेळा झालात?"

"एकदाही नाही," वसूलराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचे हप्ते त्यांच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेले.

"म्हणून ओपीडीचं जादा कव्हर घ्या. डॉक्टरची फी, औषधं, दातांची कामं. वर्षाला दहा हजारांपर्यंत. त्यात दातांना तीन हजारच, आणि तेही सहा महिन्यांनंतर. जादा हप्ता पाच हजार, माणशी."

"पाच देऊन दहा?"

"खर्च झाला तर, काका. न वापरलेलं पुढच्या वर्षी जात नाही, संपतं. म्हणून ज्याचा खर्च ठरलेला आहे त्याच्यासाठीच घ्यावं. काकूंचं काही चालू आहे?"

"तिला काय होतंय! ती डॉक्टरकडे जाते तरी कधी? गोळ्या घेते फक्त."

ताईंनी एकदा तोंड उघडलं. पण वसूलरावांनी पेन मागितलं होतं, आणि स्वतःहून पेन मागणारं गिऱ्हाईक रोज भेटत नाही.

घरी काकूंनी विचारलं, "अहो, आणि माझं नाव?"

"अगं, तू आजारी पडत नाहीस. तुझ्यावर पैसे फुकट जातील."

काकू थायरॉइडची, रक्तदाबाची आणि आणखी कसलीशी अशा तीन गोळ्या पाण्याबरोबर गिळत होत्या, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर वसूलरावांच्या आयुष्यात आरोग्याचं पर्व सुरू झालं. धडधाकट माणसाने पाच हजारांचं दुखणं आणायचं कुठून? त्यांनी कंपनीच्या यादीतले डॉक्टर शोधले आणि त्यांच्याकडे पाहुण्यासारखे जाऊ लागले. त्वचेच्या डॉक्टरने विचारलं, "काय त्रास?" तर म्हणाले, "तुम्हीच बघा, काही सापडतं का." कानाच्या डॉक्टरने सांगितलं, ऐकू उत्तम येतं. यावर वसूलराव एवढे हिरमुसले की डॉक्टरने त्यांची समजूत काढून कोमट पाण्याने कान धुऊन दिले. एकदा औषधांच्या बिलात त्यांनी शाम्पू, मध आणि बायकोची टाचेची क्रीम घुसवली. कंपनीने डॉक्टरच्या चिठ्ठीतल्या एका मलमाचे पैसे दिले आणि बाकीचे नाकारले. मध महिनाभर चमच्याने खावा लागला.

आणि अशातच खरंखुरं दुखणं स्वतःच्या पायांनी चालत आलं. गार पाणी प्यायल्यावर डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत कळ आली. वसूलरावांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक ग्लास पिऊन खात्री केली.

इमारतीच्या तळमजल्यावर दातांची डॉक्टरीण होती, काकूंच्या भिशीतली. तिने आरसा घालून पाहिलं. "काका, छोटीशी कीड आहे. आत्ता भरून टाकू. बाराशे."

"सहा महिने झाले की भरू. तेव्हा फुकट आहे."

"अजून किती राहिलेत?"

"पाच."

"काका, तुमच्या दाढेने पॉलिसी वाचलेली नाही."

वसूलराव हसले, पण तोंडाच्या उजव्या बाजूने. मग पाच महिने ते त्याच बाजूने जेवले, उजव्या कुशीवर झोपले आणि लवंगेवर लवंग चघळत राहिले. त्यांच्या स्टोअरमधून ब्रेकचे पट्टे घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरांना भूक लागायची, एवढा मसाल्याचा वास. काकू रोज म्हणायच्या, "अहो, बाराशे माझ्याकडून घ्या." वसूलराव म्हणायचे, "प्रश्न बाराशेचा नाही." तो होता.

सहा महिने पूर्ण झाले त्या सकाळी ते दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसले होते. गाल पावासारखा फुगला होता.

"आता नुसतं भरून भागणार नाही," डॉक्टरीण एक्स-रे बघत म्हणाली. "कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनॉल. साडेचार हजार. आणि वर कॅप, सहा हजार."

वसूलरावांनी तिथूनच एजंट ताईंना फोन लावला. अर्ध्या तोंडाने बोलत असल्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

"रूट कॅनॉलचे तीन हजार मिळतील काका, दातांची मर्यादाच तेवढी आहे," ताई म्हणाल्या. "कॅप मात्र यात बसत नाही. दात भरणं, काढणं, रूट कॅनॉल, एवढंच."

"मग कॅप पुढच्या वर्षीच्या मर्यादेत घालू."

"पुढच्या वर्षीही बसत नाही काका. कधीच बसत नाही."

वसूलरावांनी रूट कॅनॉल केलं. तीन हजार आले, दीड हजार खिशातून गेले. कॅपला ते नाही म्हणाले. डॉक्टरीण म्हणाली, "असा दात ठिसूळ होतो, टोपीशिवाय फुटेल." वसूलरावांना हे व्यापाऱ्याचं बोलणं वाटलं. जे मिळत नाही ते आवश्यक कसं असेल? तरी जेवण मात्र त्यांनी उजव्या बाजूनेच चालू ठेवलं.

वर्ष संपत आलं. एका संध्याकाळी टोस्ट खाताना काकू सहज म्हणाल्या, "माझ्या गोळ्या महिन्याला सहाशेच्या. बारा महिन्यांचे किती?"

"सात हजार दोनशे." आकडा विचारला की त्यांचं तोंड आपोआप चालायचं.

"आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरचे पाचशे?"

"दोन हजार. नऊ हजार दोनशे." वसूलराव थांबले. "सगळं चिठ्ठीवरचं?"

"सगळं चिठ्ठीवरचं. आणि ताई म्हणाल्या, ओपीडीत जुन्या आजाराच्या गोळ्याही धरतात. मी मागच्याच महिन्यात विचारलं."

"मागच्या महिन्यात? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दात सांभाळत होतात."

पाच हजार भरून नऊ हजार दोनशे. चार हजार दोनशे निव्वळ, कान न धुता, मध न खाता. आयुष्यातली सर्वांत मोठी वसुली रोज सकाळी त्यांच्यासमोर पाण्याबरोबर गिळली जात होती. धक्क्याने वसूलरावांनी टोस्ट चुकून डाव्या बाजूने चावला. कट्‌कन आवाज आला. तो टोस्टचा नव्हता.

दाढ उभी चिरली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीने ती काढली. दात काढण्याचे पैसे पॉलिसीत मिळतात. पण दातांचे तीन हजार संपले होते, म्हणून आठशे रुपये वसूलरावांनी दिले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं जादा कव्हर बंद केलं आणि काकूंच्या नावावर घेतलं. त्या वर्षी त्याचा हप्ता साडेसहा हजार झाला होता.