उभ्या अक्षावरची पुसलेली अक्षरं

बारावीच्या वर्षी मी आणि आई लातूरला एका खोलीत राहत होतो. भोकरला शेत आणि वडील, लातूरला शिकवणी आणि आम्ही. त्या गल्लीत बहुतेक खोल्यांतून अशाच आया राहत. शेजारच्या खोलीत बिलोलीची एक मुलगी एकटीच होती. ती माझ्याच शिकवणीत होती आणि आईच्या हातची भाकरी खायला रोज आमच्याकडे यायची.

केमिस्ट्रीच्या एका मोठ्या चाचणीवर आमच्या बॅचेस ठरणार होत्या. वरच्या बॅचला शिकवणी चालवणारे सर स्वतः शिकवत. चाचणीत आऱ्हेनियसच्या आलेखावर एक प्रश्न होता. आडव्या अक्षावर तापमानाचा व्यस्त, उभ्या अक्षावर वेगस्थिरांकाचा लॉग, आणि खाली उतरत गेलेली सरळ रेषा. तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढायची. पण झेरॉक्सवर उभ्या अक्षाचं नाव पुसट होऊन गेलं होतं. लॉग दहाच्या पायाचा की नैसर्गिक, ते कळत नव्हतं. उतार उणे पाच हजार येत होता. नैसर्गिक धरला तर उत्तर सुमारे ४१.६ किलोज्यूल, दहाच्या पायाचा धरला तर २.३०३ ने गुणून ९५.७. पर्यायांत दोन्ही होती. मी नैसर्गिक धरलं आणि पुढं गेले.

उत्तरं भिंतीवर लागली, त्यात ४१.६ होतं. मी वरच्या बॅचमध्ये आले, बिलोलीची मुलगीही आली. माझं नाव शेवटून दुसरं होतं. आईनं लगेच भोकरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती उभी राहिली.

"सर, त्या आलेखाचं उत्तर ९५.७ पाहिजे."

"कशावरून? अक्षाचं नाव तर छापलंच नाही. उत्तरं काढताना मी नैसर्गिक लॉगच घेतलाय."

"नाव नाही, पण आकडे हायेत, सर. प्रश्नात दिलंय, आडव्या अक्षावर ०.००३० असताना वेगस्थिरांक ०.००१. तिथं रेषा उणे तीनवर हाय. ०.००१ चा दहाच्या पायाचा लॉग उणे तीन येतो. नैसर्गिक असता तर उणे सहा पॉइंट नऊ आला असता."

सरांनी कागद उचलला, बघितला, पुन्हा बघितला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे आकडे मीच टाकले आणि मीच विसरलो. यादी बदलतो."

नव्या यादीत माझे त्या प्रश्नाचे गुण गेले, वर चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला गेला. मी खालच्या बॅचमध्ये आले. ती वरच राहिली.

त्या संध्याकाळी ती भाकरीला आली नाही. मी खोलीत रडत बसले होते. आई पीठ मळता मळता म्हणाली, "तिनं चूक सांगितली का बरोबर?"

"बरोबर."

"मग तिच्यावर रुसून काय फायदा हाय? जा, बोलावून आण."

मी गेले नाही. आई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. आम्ही दोघी एका ताटाशी बसलो आणि काही न बोलता जेवलो. बोलणं दुसऱ्या दिवशीपासून आपोआप सुरू झालं.

खालच्या बॅचला एक मॅडम शिकवायच्या. त्यांचा वेग कमी होता आणि त्या कुणालाही फळ्याजवळ बोलवत. मला बोलावलं तेव्हा गणित अभिक्रियेच्या कोटीचं होतं, म्हणजे संहती वाढवली की वेग कितव्या घातानं वाढतो, त्याचं. समीकरणात दोन्ही अभिक्रियाकारकांपुढे एकच आकडा होता, म्हणून मी दोघांचीही कोटी एक लिहिली.

"समीकरणाला नको विचारू, प्रयोगाच्या तक्त्याला विचार," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याची संहती दुप्पट केली, दुसऱ्याची तशीच ठेवली, तर वेग किती झाला?"

"चौपट."

"आणि पहिल्याची तशीच ठेवून दुसऱ्याची दुप्पट केली तर?"

"तेवढाच."

मी पुसलं आणि पहिल्यापुढे दोन, दुसऱ्यापुढे शून्य लिहिलं. एकूण कोटी दोन. मग त्यांनी वेगस्थिरांकाचं एकक विचारलं. ते लिटर प्रति मोल प्रति सेकंद आलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं एकमेकांशी जुळतं. याआधी मी सूत्रं पाठ करत होते.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत केमिस्ट्री चांगली गेली, जीवशास्त्र नाही. जागा मिळाली नाही. आई खोली आवरून भोकरला परत गेली, वडील महिनाभर माझ्याशी फारसे बोलले नाहीत. मी नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, पुढे एम.एस्सी. केलं. आता नांदेडच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला हाच धडा शिकवते. बिलोलीच्या मुलीनं गणितही घेतलं होतं, तिला नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आता ती नांदेडला आली की माझ्याकडे उतरते, आणि आल्या आल्या आईबद्दल विचारते, काकू कशा हायेत.