अपडाऊनवाल्यांसाठी एक मथळा

मी बडोद्यात पंचवीस वर्षं मराठी शिकवलं. मग मुलं कमी होत गेली, मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले आणि मी हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये घरी बसले. घरी बसायचा माझा पिंड नाही. त्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला तेव्हा तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी हो म्हणाले.

तिची कंपनी मराठी पुस्तकं मोबाइलवर देते. वर्गणी भरायची, मग हवं ते ऐका किंवा वाचा; ऐकताना चालू ओळ पडद्यावर रंगीत होत जाते. रोज लांबच्या गाडीने जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी त्यांना एक वेगळं पान करायचं होतं. वर मथळा, खाली चार-पाच ओळींचा परिचय. जमलं तर पुढचं सगळं लेखन माझ्याकडे, नाहीतर पुण्यातलाच कोणीतरी. "मॅडम, मथळा मोबाइलवर दोन ओळींत बसला पाहिजे हं," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुझे निबंध मी एका पानात बसवले आहेत, दोन ओळींचं काय घेऊन बसलीस!

एका दुपारी लिहून काढलं. "प्रवासाच्या क्षणांना लाभू दे शब्दांचा सहवास." खाली परिचय: "मराठी साहित्याच्या समृद्ध दालनातील निवडक ग्रंथसंपदा आता आपल्या करतलावर..." आणि असंच बरंच काही. मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि लगेच विद्यार्थिनीला पाठवूनही दिलं. काम आपल्यालाच मिळणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

माझा मुलगा अहमदाबादला नोकरी करतो, रोजचं अपडाऊन. म्हणजे मी ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस माझ्याच घरात पोळी-भाजी खात होता. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने एक नजर टाकली, म्हणाला, "मस्त आहे आई," आणि पुन्हा भाजी वाढून घेतली. मला जरा रागच आला. इतक्या पटकन कोणी वाचतं का? मी म्हटलं, उद्या मीच येते तुझ्याबरोबर, तुमच्या डब्यातल्या लोकांना दाखवते. त्याने कपाळावर हात मारला, पण मी ऐकते थोडीच!

सकाळच्या गाडीत पासवाल्यांच्या जागा ठरलेल्या असतात, हे मला आत चढल्यावर कळलं. कोण खिडकीशी, कोण मधे, कोण वासद स्टेशनपर्यंत उभा. मला मात्र "आवो बेन, बेसो" करून लगेच जागा दिली, हातात हिरव्या चिवड्याची पुडीही ठेवली. समोर एक मराठी गृहस्थ होते, तीस वर्षं याच वाटेने नोकरीला जाणारे. मी त्यांना फोन दिला आणि म्हटलं, जरा मोठ्याने वाचा ना.

त्यांनी चष्मा लावला. "प्रवासाच्या क्षणांना ला... लाभ... लाभू..." आणि थांबले. मग मनापासून हसले. "ताई, मी गुजराती मीडियमचा. घरी आईशी, बायकोशी मराठीच बोलतो. अक्षरं येतात, हिंदी शिकलोय ना. पण मराठी वाचायला बसलो तर हे एवढं संपेपर्यंत नडियाद येईल!"

सगळे हसले. मीही हसले आणि फोन मुलाकडे सरकवला. त्यांना दाखव रे, म्हटलं, कसं वाचायचं ते. तो नको नको म्हणत होता. मी हट्टाला पेटले. शेवटी त्याने वाचायला घेतलं आणि "समृद्ध दालनातील"पाशी अडखळला. पुन्हा मागे गेला. "ग्रंथसंपदा"चे तीन तुकडे केले. "करतलावर" तर सोडूनच दिलं. कान लाल झाले होते त्याचे.

मराठीच्या बाईंचा मुलगा! माझी जीभ सैल सुटली. "अरे, तुला वाचता येत नाही हे मला कधी सांगितलं नाहीस?"

तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. "तूच इंग्लिश मीडियमला घातलंस ना आई. तू रात्री दुसऱ्यांच्या मुलांच्या मराठीच्या वह्या तपासायचीस, मी शेजारी बसून इंग्लिशचे स्पेलिंग पाठ करायचो. तू कधी विचारलंच नाहीस."

खरं होतं. शब्दन् शब्द खरा. त्याचं भलं व्हावं म्हणून घातलं होतं, तेही खरं. पण मला फार लागलं. आणंद गेलं तरी मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गृहस्थांनी मला चहा घेऊन दिला आणि विषय बदलला, देव त्यांचं भलं करो.

पण रडत बसणं माझ्याच्याने होत नाही. अहमदाबादेत मुलगा ऑफिसला गेला, मी परतीच्या गाडीत बसले आणि पर्समधल्या वहीत पहिलं सगळं खोडलं. ज्यांना मराठी येते, पण वाचताना दमछाक होते, त्यांच्यासाठी मी जडजंबाल लेखन केलं होतं. शिवाय वाटेत रेंज जाते, उभं राहावं लागतं, मधेच स्टेशन येतं. यातलं काहीच मला घरी बसून सुचलं नव्हतं. बडोदं यायच्या आत नवीन तयार झालं:

"घरी बोलता ती मराठी, आता गाडीत ऐका.

निघण्याआधी घरीच पुस्तक फोनमध्ये उतरवून घ्या, वाटेत रेंज गेली तरी गोष्ट थांबणार नाही. बसायला जागा मिळाली नाही? कानांना जागा लागत नाही. स्टेशन आलं की बंद करा, संध्याकाळी तिथूनच पुढे. आणि वाटलं तर बघत बघत ऐका: जी ओळ कानावर पडते, तीच पडद्यावर रंगते."

विद्यार्थिनीला हेही पाठवलं आणि फोन करून सांगितलं, हा परिचय ऐकायचं बटण सगळ्यात वर पाहिजे. ज्याला वाचायला जड जातं त्याला वाचायला लावून काय सांगणार, ऐका म्हणून? ती म्हणाली, "डिझाइनवाले ओरडतील, मॅडम." म्हटलं, ओरडू देत, मी वर्गातली साठ मुलं गप्प केली आहेत.

त्यांनी बटण केलं. दोन्ही मथळे लावले, काही लोकांना पहिला, काहींना दुसरा. कोणत्या पानावरून जास्त लोक वर्गणीकडे जातात ते बघितलं आणि पहिला काढून टाकला. पुढचं काम मला मिळालं. मिळणारच होतं!

त्यानंतरच्या एका रविवारी मुलगा जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसला होता. एक कादंबरी चालू होती, ओळी रंगत पुढे सरकत होत्या. थोड्या वेळाने त्याने आवाज बंद केला आणि नुसतं वाचू लागला, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. सांगायला जीभ नुसती वळवळत होती, पण मी दातांखाली धरली.

एका शब्दाशी तो अडला. पुन्हा वाचला, पुन्हा अडला. मग मान वर करून म्हणाला, "आई, हे काय आहे?"

त्याच्या आख्ख्या आयुष्यात त्याने मला मराठीतलं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. मी गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.