साडेसहाचा वर्ग

"पोर येऊन बसलं की शाळा भरली," असं दळवीबाई नेहमी म्हणायच्या. गावातली शाळा पटावर पोरं नाहीत म्हणून बंद झाली, तेव्हा शेवटच्या वर्षी त्यांच्यासमोर एकच मुलगी बसत होती. तरी बाई घंटा देत, हजेरी घेत, फळ्यावर तारीख घालत. मग त्या मुलीचे आईबाप तिला घेऊन पनवेलला गेले आणि शाळेच्या पडवीत शेळ्या बसू लागल्या.

गावातली पोरं गेली ती कुठवर गेली याचा हिशेब कुणी केला नाही. काही मुंबईला, काही दुबईला, काही पार अमेरिकेला. तिथे त्यांना पोरं झाली आणि त्या पोरांना आजीशी फोनवर बोलता येईना. तेव्हा शेजारच्या शर्वरीला कल्पना सुचली. शर्वरी नेन्यांची सून, कॉलेज शिकलेली, आंब्याच्या पेट्यांच्या जाहिराती फोनवर लिहायची तिला सवय. तिनं बाईंना लॅपटॉपसमोर बसवलं, दोन ओळींचा मजकूर लिहिला, खाली आपला नंबर टाकला आणि परदेशातल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर सोडून दिला. उन्हाळ्यात पाच पोरं आली. बाईंचा चेहरा पुन्हा बाईंसारखा दिसू लागला.

दिवाळीनंतर नवं सत्र सुरू व्हायचं होतं. शर्वरीनं जुनाच मजकूर उचलला, तारखा बदलल्या आणि पाठवला. न्यू जर्सीत सकाळी नऊ, भारतात संध्याकाळी साडेसहा. उन्हाळ्यात ते बरोबरच होतं. पण नोव्हेंबरात तिकडचे लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात, आपण घेत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिकडच्या आयांनी आपला नऊचा आकडा वाचला. बाईंनी आपला साडेसहाचा.

सत्राच्या पहिल्या शनिवारी रात्रीचा भात टाकताना शर्वरीचा फोन वाजू लागला. अद्वयची आई पल्लवी बोलत होती. नऊ वाजता पोरं तयार होऊन बसली, बाईंचा पत्ता नव्हता. दोन नवी घरं पहिला वर्ग फुकट म्हणून बघायला आली होती, तीही ताटकळून गेली. आवाज गोड ठेवून पल्लवीनं सांगितलं की पुढच्या शनिवारी असंच झालं तर सगळ्याजणी मिळून दुसरा वर्ग बघतील.

शर्वरी धावत गेली. बाई ओटीवर बसल्या होत्या. चूक माझीच बाई, असं ती म्हणू लागली, तर बाईंनी तिला थांबवलं.

"वर्ग तर झाला गो," त्या म्हणाल्या.

"झाला? कुणाचा?"

"एक पोर आलं होतं."

पडद्यावर एक काळा चौकोन आला होता. त्यावर नाव नव्हतं. बाईंनी हजेरी घेतली, पाचही नावांना कुणी ओ दिली नाही. नाव कुणाचं राहिलं का म्हणून विचारलं, तर चौकोन म्हणाला, माझं. वय विचारलं, तर सात. पाऊण तास ते पोर शिकलं. शर्वरीला वाटलं, कुणाच्या घरचं पोर लवकर उठून टॅबशी खेळलं असेल. पण बाई म्हणाल्या, त्याच्या मराठीला कुठलंच वारं लागलेलं नाही, आपल्या खाडीकाठचं बोलतंय. शर्वरी हसली. गावात सात वर्षांचं पोर उरलंय कुठे?

पुढच्या शनिवारी ती मुद्दाम बाईंच्या शेजारी जाऊन बसली. आता वर्ग साडेसातला, हे तिनं पन्नासदा सांगितलं होतं. पण बाईंनी साडेसहालाच लॅपटॉप उघडला. बाहेर अंधारून आलं होतं, माडांचे शेंडे तेवढे उजेडात होते. दाराशी कुणी थांबलंय अशी पाटी पडद्यावर आली. नावाच्या जागी काही नव्हतं. बाईंनी आत घेतलं.

"आलीस बाय?"

"कवाची आलंय," चौकोन म्हणाला. "तुमीच दार उघडूक नाय."

आवाज पोरीचा होता, ओल्या विटेसारखा जड. शर्वरी मागे सरकली. बाई मात्र शिकवू लागल्या. शेतातली अवजारं, नक्षत्रं, भाताच्या जाती. परदेशच्या पोरांना त्या हे कधी शिकवत नसत. पोरगी मागोमाग म्हणे आणि मधेच बाईंना विसरलेलं नाव सुचवी. शेवटी पाढे निघाले.

मग ते झालं. पडद्यातून ढोल ऐकू आला, देवळातल्या सांजआरतीचा. क्षणभरानं तोच ढोल खिडकीतून आला. शर्वरीनं कान दिला. पुन्हा पडद्यात आधी, खिडकीत नंतर. म्हणजे पोर जिथे कुठे होतं, तिथून देऊळ या घरापेक्षा जवळ होतं. देवळाच्या पलीकडे खाडी. मधे बंद शाळा.

"बाई, बंद करा," ती कुजबुजली.

"पाढा अर्धा टाकून?"

सव्वासातला चौकोन विझला. बाईंचे हात गार पडले होते. साडेसातला पाच चेहरे आले, मागे स्वयंपाकघरं, कॉफीचे मग, आया. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. किमया नावाच्या मुलीनं तीनदा विचारलं, "बाई, तुमचा माइक बंद आहे का?" शेवटी शर्वरीनं कशीबशी गोष्ट सांगून वेळ निभावली. पल्लवीचा निरोप आला, छोटासा: आता एकच शनिवार बघू.

दुसऱ्या दिवशी शर्वरी बाईंशी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. दोन वर्ग तुमच्यानं होत नाहीत, एकात तुमचा सगळा जीव जातो. ही पाच पोरं गेली की दुसऱ्यांदा शाळा बंद पडलेली बघावी लागेल.

"लिही," त्या म्हणाल्या. "नीट लिही या खेपेला."

आणि त्यांनी स्वतः सांगितलं, फळ्यावर लिहावं तसं, एकेक ओळ थांबून:

'मराठी बोला, वाचा, लिहा. परदेशातील मुलांसाठी ऑनलाइन वर्ग. लहान गट, वय ५ ते ८: शनिवार. मोठा गट, वय ९ ते १३: रविवार. न्यू जर्सी सकाळी ९, लंडन दुपारी २, दुबई संध्याकाळी ६, भारत संध्याकाळी ७.३०. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की भारताची आणि दुबईची वेळ बदलेल, आधी कळवू. वर्ग पाऊण तासाचा. फी महिना ३० डॉलर, दुसऱ्या भावंडाला निम्मी. पहिला वर्ग विनाशुल्क.'

शर्वरीनं दोनदा वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. तासाभरात पल्लवीचा होकाराचा अंगठा फोनवर आला. नवी दोन्ही घरंही परत आली.

शनिवारी दिवेलागणीला शर्वरी बाईंकडे गेली. लॅपटॉप बंद होता. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, शाळेत तपासणी असली की नेसत तशी. त्या पायरीवर चपला घालत होत्या.

"कुठे निघालात? वर्गाला तास आहे अजून."

"तू उघड वर्ग. त्यांना बाराखडी दे."

"आणि तुम्ही?"

"त्या पोरीला बदललेली वेळ कोण सांगणार?" बाई म्हणाल्या. "ती काही तुझा फोन वाचत नाही. दाराशी थांबून राहील बिचारी."

शर्वरीनं त्यांचा हात धरला. बाईंनी तो हळूच सोडवला, वर्गातल्या पोराचा सोडवावा तसा. बॅटरीसुद्धा घेतली नाही. अंगणाच्या दगडी गडग्याला वळसा घालून त्या देवळाच्या वाटेला लागल्या, पाठ ताठ, पावलं मोजकी. ढोल अजून सुरू व्हायचा होता.

शर्वरी ओटीवर उभी राहून बघत होती. पांढरी साडी बंद शाळेपाशी थोडी थबकली, कुणाशी बोलावं तशी वाकली, मग खाडीच्या बाजूला चालू लागली, आणि शर्वरीला बाईंच्या शेजारी आणखी काहीच दिसलं नाही. तरी बाई हात खाली सोडून, कुणाचा तरी धरल्यासारखा, चालत होत्या.