मीटरवाल्याचं उत्तर

आमच्या अभ्यासिकेत सगळे त्याला मीटर म्हणत. पाणीपुरवठा खात्यात तो मीटर वाचायचा. सकाळी सात ते दुपारी दोन गल्लीबोळांतून फिरायचं, जमिनीतली लोखंडी झाकणं उचलायची, काचेवरची माती अंगठ्याने पुसून आकडा टिपायचा, आणि अडीचला इथे येऊन खिडकीजवळच्या टेबलावर पुस्तकं उघडायची. आठ वर्षं त्याने हेच केलं. दाराशी पाय पुसून आत येणारा तो एकटाच. बाकीच्या राजपुत्रांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

अभ्यासिका मी सांभाळते. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचे, एक शब्द सुटायचा नाही. त्यामुळे इथे एक पद्धत पडून गेली आहे. निवड मंडळापुढे मुलाखत देऊन आलेल्या प्रत्येकाने घरी जायच्या आधी माझ्यासमोर बसायचं, आत काय विचारलं आणि आपण काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगायचं. मी ते नोंदवहीत लिहिते. निकाल लागला की वर मुलाखतीचे गुण टाकते. पुढच्या वर्षीची पोरं ती नोंदवही वाचतात. वाचतात कसली, घोकतात. ज्याला जास्त गुण त्याचं पान जास्त मळलेलं.

मीटरची दोन पानं होती, आणि ती कोणी घोकत नसे. लेखी परीक्षा तो दोनदा उत्तम पास झाला आणि दोन्ही वेळा मुलाखतीत आपटला. एकदा नऊ गुणांनी यादीबाहेर, एकदा चौदा. आता वयाची मर्यादा संपत होती, ही शेवटची संधी. लेखी पुन्हा निघाली. त्याची बायको दवाखान्यात चिठ्ठ्या फाडण्याच्या खिडकीवर बसते. ती एकदा त्याचा डबा द्यायला आली होती, तेव्हा मला म्हणाली, "काकू, नाही झालं तरी मी त्यांना एका शब्दाने बोलणार नाही. पण झालं तर बरं होईल हो. आठ वर्षांत आम्ही धड कुठे गेलो नाही की आलो नाही."

त्याचं घोडं कुठे अडत होतं ते माझ्या नोंदवहीत स्पष्ट दिसायचं. चालू घडामोडींवर प्रश्न आला की तो अग्रलेख बोलायचा. एकीकडे असं, दुसरीकडे तसं, म्हणून समन्वय साधायला हवा. जगातला कुठलाही तंटा याच्याकडे आणा, हा त्याला समन्वयात बुडवून वाळत घालणार. मंडळात अध्यक्ष धरून पाच माणसं असतात, दिवसभर उमेदवार बघून त्यांचे डोळे शिणलेले असतात. त्यांना हा समन्वय काय नवा?

तयारीसाठी आम्ही इथेच खोटं मंडळ बसवतो. एक निवृत्त साहेब अध्यक्ष होतात, कॉलेजातल्या एक प्राध्यापिका सदस्य होतात, मी कोपऱ्यात लिहायला. उमेदवाराने आधी भरून दिलेला अर्ज दोघांच्या हातात असतो, कारण खऱ्या मंडळाच्या हातातही तोच असतो. लेखीचे गुण त्यांना कळत नाहीत. अर्ज मात्र ते उभा-आडवा वाचतात, आणि एकदा दिलेला अर्ज बदलता येत नाही. मीटरच्या अर्जात नोकरीच्या रकान्यात मीटर-वाचक, आठ वर्षं, असं लिहिलेलं होतं.

त्या महिन्यात पेपरांत पाण्याचाच विषय गाजत होता. शहराला सोडलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्म्याचा पत्ताच लागत नाही असा अहवाल आला होता, आणि सगळीकडे आपोआप आकडा पाठवणारे मीटर बसवायचा प्रस्ताव होता. साहेबांनी बरोबर तेच पकडलं. मीटरने अहवालातले आकडे सांगितले, गळती, चोरी, जुन्या नळवाहिन्या, सगळं ओळीने. मग साहेब म्हणाले, "हे झालं अहवालाचं. तुम्ही स्वतः जे आकडे आणता त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?"

मला वाटलं, आता येणार समन्वय. मीटर म्हणाला, "अर्ध्यांवर, सर. माझ्या भागात पुष्कळ मीटर बंद आहेत. बंद मीटरपुढे 'बंद' असा शेरा मारायचा असतो, मग दुरुस्तीवाले येतात. पण शेरे जास्त झाले की वरून कागद येतो, तुमच्याच भागात एवढे बंद कसे म्हणून. मग मागच्या तीन वेळची सरासरी काढून आकडा भरतात, वाचल्यासारखा. मीही भरलेत. किती ते मला सांगता येणार नाही."

आठ वर्षांत त्या पोराच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं स्वतःचं वाक्य ते. माझा हात लिहिता लिहिता थांबला होता, हे मला नंतर कळलं.

प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "हेच बोला. अगदी असंच." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, ते कारकून निवडत नाहीयेत, अधिकारी निवडतायत. खोटी नोंद केली असं स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या माणसाच्या हाती सही कोण देईल? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्याला कोणी नावं ठेवत नाही. हे मात्र माहीत असून केलेलं आहे." दोघांची चांगलीच जुंपली. चहा थंड झाला तरी मिटेना.

ते दोघे गेल्यावर मीटर माझ्या टेबलापाशी आला. "काकू, तुम्ही एवढी पानं लिहिलीत. काय बोलू?"

मला त्याच्या बायकोचं बोलणं आठवलं. मी सरळ कागद ओढला आणि उत्तर लिहून दिलं: "व्यवस्थेत असं घडतं, हे मी जवळून पाहिलं आहे. मी मात्र बंद मीटरपुढे 'बंद' असाच शेरा मारत आलो. त्यासाठी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. अधिकारी म्हणून मी शेरा मारणाऱ्याला विचारणार नाही, दुरुस्ती का झाली नाही ते विचारेन." बोलणी खाल्ल्याचं तर मी पदरचं घातलं. वाचून तो म्हणाला, "काकू, हे चांगलं आहे." आणि कागद घडी करून खिशात घातला.

मुलाखतीच्या दिवशी तो मेहुण्याचा कोट घालून गेला, बाह्या मनगटाच्या वर. साडेतीनला परत आला आणि माझ्यासमोर बसला. मूळ प्रमाणपत्रं तपासायला पाऊण तास, मग आत अर्धा तास. पदवीच्या विषयावर दोन प्रश्न, त्यातल्या एकाचं उत्तर येत नव्हतं, तसं सांगून टाकलं. सकाळच्या पेपरातली मोठी बातमी कुठली, ते विचारलं. मग एक सदस्य बाई नोकरीच्या विषयावर आल्या, आणि तिथून पाण्यावर. नवे मीटर आले तर तुमचीच नोकरी जाईल, तरी पाठिंबा द्याल का? देईन म्हणाला, आणि का ते सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "आकडे बसल्या जागी भरले जातात असं ऐकतो. तुम्ही कधी भरलेत?"

"मग?" मी विचारलं.

"तुमचं उत्तर दिलं."

"सगळं?"

"सगळं. अध्यक्ष म्हणाले, बोलणी खाऊनही शेरा मारत राहिलात, हे सोपं नाही. बाकीचे माझ्याकडे बघत होते, चांगलं बघत होते."

मी सगळं उतरवून घेतलं. तो पाणी प्यायला आणि घरी गेला.

निकाल लागला, मीटर यादीत आला. मुलाखतीचे गुण आले ते नोंदवहीतले आजवरचे सर्वांत जास्त. बायको सगळ्यांना भेटून गेली, माझा हात तिने किती तरी वेळ सोडला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? साहेब तर असे मिरवत होते, जणू तेच निवडून आले. पोरांनी त्याच आठवड्यात मीटरच्या पानाच्या झेरॉक्स काढल्या. समोरच्या दुकानदाराकडून मला कळलं, अकरा.

पंधरा दिवसांनी मीटर आला. नेमणुकीआधीची चौकशी चालू होती, खात्याकडून ना हरकत यायची होती. त्याने नोंदवही मागितली, आपलं पान काढलं आणि उभ्याउभ्या वाचलं. खिडकीजवळच्या टेबलावर तेव्हा एक पोरगा डोळे मिटून तेच उत्तर पुटपुटत होता. मीटरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पेन मागितलं. पानाच्या खाली त्याने लिहिलं: शेवटचं उत्तर खरं नाही. सरासरीचे आकडे मीही भरले होते. खाली सही, तारीख.

"वेड लागलंय का तुला," मी म्हटलं. "चौकशी पुरी व्हायची आहे. कोणी हे पान उचलून खात्यात नेलं तर?"

"नेलं तर नेलं असं म्हणायची माझी हिंमत नाही, काकू," तो म्हणाला. "पण न लिहिताही राहवेना. हा पोरगा ते पाठ करतोय हो. वही तुमची आहे, तुम्ही ठरवा काय करायचं ते."

म्हणजे स्वतः मोकळा झाला आणि ओझं माझ्या गळ्यात टाकलं. मला राग आला, पण बोलायला तोंड कुठे होतं? उत्तर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आधी, मी ते पान पट्टी लावून फाडलं. एकतीस वर्षांत मी उतरवून घेतलेला एक कागद कधी फाडला नव्हता. त्याची चौकशी नीट पार पडली, तो लांब कुठे तरी रुजू झाला. नोंदवहीत त्याची आता दोनच पानं आहेत, आपटल्याची.

पण त्या अकरा झेरॉक्स कुठे कुठे पोचल्या, देव जाणे. परवा एक मुलगी माझ्यासमोर बसून मुलाखतीची तयारी करत होती. ती सरकारी धान्याच्या गोदामात वजनाच्या नोंदी करते. मी विचारलं, "तुमच्याकडे वजनं न करताच आकडे भरतात असं ऐकते. तुम्ही कधी भरलेत?" ती म्हणाली, "व्यवस्थेत असं घडतं, हे मी जवळून पाहिलं आहे. मी मात्र खरं वजनच लिहीत आले. त्यासाठी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली."

तिच्या मुलाखतीला चार दिवस राहिले होते, आणि तिचीही शेवटचीच संधी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काकू, बरं येतंय ना?"

मी म्हटलं, बरं येतंय.