एका पानावर दोनदा नको

गुन्ह्यांचं पान लावायचं तर चोरीचे शब्द तोलूनमापून वापरावे लागतात. नाशिकच्या एका दैनिकात मी हे काम वर्षानुवर्षं केलं. मोबाइल 'लांबवला', म्हणजे मालकाला पत्ताच नाही. दुचाकी 'लंपास'. दुकानावर 'डल्ला'. चाकू दाखवला तर 'लुटले'. गळ्यातलं झटका देऊन नेलं तर 'ओरबाडले'. आणि कायद्याला दरोड्यासाठी लागतात ते पाच जण नसताना 'दरोडा' लिहिलात, तर गाठ माझ्याशी! यावरून मी नव्या वार्ताहरांना फाडून खायची.

दुसरा नियमही माझाच. एका पानावर मथळ्यात तोच शब्द दोनदा नको.

त्या दिवशी पंचवटीच्या बातमीला 'मंगळसूत्र ओरबाडले' आधीच देऊन झालं होतं. खाली गंगापूर रोडची छोटी बातमी होती. दूध आणायला निघालेल्या एका आजींची सोनसाखळी दुचाकीवरच्या दोघांनी नेली. मी मथळा दिला, 'वृद्धेची सोनसाखळी लांबवली'. ऐनवेळी जाहिरात आली, म्हणून शेवटच्या ओळी उडवल्या. आजी साखळीसकट फरफटत गेल्या, हे त्या ओळींत होतं.

चार दिवसांनी दुपारी त्यांची मुलगी कात्रण घेऊन आली. सिव्हिल हॉस्पिटलमधून थेट आली होती, पायात दोन वेगळ्या चपला.

"मॅडम, आईचं खुब्याचं हाड मोडलंय. गळ्यावर हा एवढा व्रण आहे. आणि तुम्ही लांबवली लिहिता?"

मी म्हटलं, "ताई, बसा तर खरं."

"पुण्याहून भाऊ येत नाहीये. म्हणतो, पेपरात तर लांबवली लिहिलंय, मग हाड कसं मोडलं? घरातच पडली असेल, साखळी तूच ठेवून घेतलीस. आई सारखं दाराकडे बघते हो."

मला खजील व्हायला झालं, आणि खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. भावाने फोटो मागवायचा ना, पेपर कसला वाचतो! पण पोलिसांची प्रेसनोट काढून पाहिली. जबरीने हिसकावली, फिर्यादी जखमी, असं स्वच्छ लिहिलेलं. चूक माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा छापला, जखमांसकट. ताईंनी तो भावाला पाठवला. तो लगेच निघाला म्हणे. सिन्नरपर्यंत पोचला, तेवढ्यात आजी गेल्या.

संध्याकाळी त्या गेल्याची बातमी माझ्याकडेच आली. पानावर वरती अपघाताची बातमी लागली होती, तिच्या मथळ्यात 'मृत्यू' होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सवयीने सुचवलं, "मॅडम, इथे 'दगावली' करू का?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस."

आणि लिहिलं, 'सोनसाखळी ओरबाडली. जखमी वृद्धेचा मृत्यू'.