अर्धी पडी भरडा

माझ्या वडिलांनी लग्नात मला एक गाय दिली. दागिने बेताचे होते, म्हणून गाय. तंजावरहून कुंभकोणमपर्यंत ती गाय पायी आली आणि मी गाडीत बसून आले. सासरच्या गोठ्यात आणखी तीन गाई होत्या आणि चौघींचं दूध कॉफीच्या हॉटेलात जात असे. पाण्याचा थेंब नसलेलं दूध, अशी आमच्या घराची कीर्ती होती. वासरांच्या वाट्याला काय उरतं, हे कीर्ती सांगणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

वासराला आचळाला लावायचं, गाईला पान्हा फुटला की ओढून समोर बांधायचं आणि धार काढायची. शेवटी एक सड रिकामा करायला त्याला सोडायचं. माझ्या गाईची दोन वासरं अशीच सुकून मेली. तिसऱ्या खेपेला कालवड झाली. पन्नासच्या दशकातली गोष्ट, माझ्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. गाय थकली होती, पुन्हा गाभण राहील असं कोणी म्हणत नव्हतं. ही कालवड जगली तर माहेरची गाय माझ्या दारात राहणार होती, नाही तर तिथेच संपणार होती. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलून उपयोग असलेलं ते घर नव्हतं.

गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवरून साक्कोट्टै गावाच्या बाजूला जाताना आमच्या गोठ्याशी थांबायचा. आमचं घर मराठी, तो तमिळच बोलायचा, मास्तरासारखा उभा राहून. त्याने मला सांगितलं, की वासराला चार पोटं असतात, पण जन्मतः त्यातलं मोठं पोट नावालाच असतं. दूध त्याला वळसा घालून थेट शेवटच्या पोटात उतरतं. नुसत्या दुधावर ठेवलं तर मोठं पोट वाढतच नाही, नुसत्या पेंढ्यावर ठेवलं तर ते फुगतं पण आतून तयार होत नाही. त्याला कोरडा भरडा हवा. तो आत आंबतो आणि त्यावर पोटाचं अस्तर वाढतं.

जोंधळा भरडायचा, त्यात शेंगदाण्याची पेंड, थोडा तांदळाचा कोंडा, मीठ आणि चिमूटभर चुनखडी. दूध पिऊन झालं की लगेच, तोंड ओलं असताना चिमूटभर ओठांना लावायचा, म्हणजे वासरू चाटतं. उरलेला रोज फेकून ताजा ठेवायचा. बाजूला स्वच्छ पाण्याची बादली हवीच, कारण दूध मोठ्या पोटात उतरत नाही, पण पाणी उतरतं आणि पाण्यावाचून भरडा आंबत नाही. शेवटची गोष्ट त्याने दोनदा सांगितली. दूध वयाकडे बघून तोडायचं नाही. रोज अर्धी पडी भरडा, असा सलग तीन दिवस खाल्ला, की मग हळूहळू तोडायचं. पडी म्हणजे आमच्याकडचं तांदूळ मोजायचं पितळी माप, अर्धीत दहाएक मुठी मावतात.

सासूबाईंना कोरडं खाणं म्हणजे अपमान वाटायचा. "सुकं घालतेस काय गे? तांदळाच्या धुवणात कालवून घाल की, घशात अडकेल ते." त्या घरात गुरांना सगळं धुवणात कालवूनच मिळायचं. मी कालवलं नाही. त्या माझ्यावर हसल्या, शेजारणीला बोलावून हसल्या. मी रोज सकाळी कालवडीच्या ओठांना भरडा चोळत राहिले. हट्ट म्हणाल तर हट्ट.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दुपारी ती आडवी पडून जबडा हलवू लागली. तोंडात काही नव्हतं. गळ्यातून गोळा वर आला आणि ती संथपणे चघळू लागली. रवंथ! मी नाचायचीच काय ती बाकी राहिले. धावत जाऊन सासूबाईंना हात धरून आणलं, नवऱ्याला आणलं, शेजारणीलाही आणलं. बघा म्हटलं, आता हसा.

सासूबाईंनी वाकून कालवडीचा जबडा बघितला. मग म्हणाल्या, "तुला कळते गे पोरी गुरांतलं." सहा वर्षांत त्या घरात माझ्या वाट्याला आलेला तो पहिला चांगला शब्द. आणि त्याच दमात त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "रवंथ करते म्हणजे गाय झाली ती. आता दूध कशाला? शुक्रवार चांगला आहे, तोडून टाकू." मुहूर्तावर वासराचं दूध तोडायची त्यांच्या घरची रीत होती. पंचांग बघायचं, वासराला हळदकुंकू लावायचं, गूळभात चारायचा आणि त्या दिवसापासून थेंब नाही.

कालवड तेव्हा जेमतेम दोन मुठी भरडा खात होती. अर्धी पडी फार लांब होती. मला ते माहीत होतं, त्या अंगणात एकट्या मलाच माहीत होतं. आणि मी गप्प राहिले. भीतीने गप्प राहिले असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. भीतीने नव्हे. शहाणी ठरलेली मी, इतक्या लवकर पुन्हा वेडी ठरायला तयार नव्हते.

शुक्रवारी हळदकुंकू झालं. पुढे धारेच्या वेळी कालवडीच्या तोंडाला सुतळीची जाळी बांधून तिला आईसमोर उभं करत. पान्हा तिच्यामुळे फुटे, दूध हॉटेलात जाई. पहिले दोन दिवस ती हंबरत राहिली. मी भरडा दुप्पट ठेवला, तिने तेवढ्याच दोन मुठी खाल्ल्या. मग आईच्या गव्हाणीतला पेंढा ओढू लागली, भिंत चाटू लागली. पोट नगाऱ्याएवढं झालं आणि वर बरगड्या दिसू लागल्या. पाचव्या दिवशी मी म्हटलं, थोडं दूध देऊ या. सासूबाई म्हणाल्या, "तूच बोल्लीस की रवंथ करते म्हणून." मग हगवण लागली. बाराव्या दिवशी ती मेली. नवऱ्याने कातडं सोलवून, त्यात पेंढा भरून आणलं आणि ते चार काठ्यांवर गाईपुढे उभं केलं. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

कंपाउंडर आला तेव्हा त्याने ते पेंढ्याचं वासरू पाहिलं. सायकल भिंतीला टेकवली. मग विचारलं, "दूध तोडलंत तेव्हा किती खात होतं?"

सासूबाई दारात होत्या. मी म्हटलं, "अर्धी पडी."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

त्याचा चेहरा पडला. अर्धी पडी खाणारं वासरू दूध तोडल्याने मरत नाही, तो म्हणाला. "मग माझ्या भरड्यातच काहीतरी खोट आहे. साक्कोट्टैच्या वाटेवर पाच घरांना हाच भरडा सांगून ठेवलाय, आजच जाऊन बंद करायला लावतो." त्या घरांत वासरं नीट खात होती, वाढत होती, असं त्यानेच मला आधी सांगितलं होतं. तो सायकलवर बसला. वळणापर्यंत मला हाक मारता आली असती.

"काय बोल्ला तो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना तमिळ माझ्याहून चांगलं कळायचं, तरी विचारलं.

"भरडा वाईट होता म्हणाला."

"मी बोल्ली नव्हती?"

"हो अम्मा," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात."