बायच्या टेबलासमोरची खुर्ची

मी गुरुदास, देवबागचा. होडीवर जातो, जाळी विणतो. शाळा चौथीपर्यंत. दवाखान्यातल्या दिव्या सिस्टर म्हणाल्या, तुमच्या बहिणीबद्दल चार ओळी लिहा, आम्हाला ठेवायच्या आहेत. मोबाईलवर लिहितोय, बोलतो तसं. चुकलं तर समजून घ्या.

माझी बहीण सत्यवती. आम्ही तिला बाय म्हणायचो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. मालवणला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीला लागून एक टेबल आहे, तिथे ती बसायची. ज्याला कुठे जायचं कळत नाही त्याला नीट विचारून बरोबर खोलीत पाठवायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं केलं.

काम सोपं वाटतं. पण आमच्याकडची माणसं माहीत आहेत ना. येतात, नमस्कार म्हणतात. डॉक्टर आसत काय, म्हणतात. मग पाऊस पडला की नाही, मासे कुठले मिळाले, सगळं बोलतात. कशाला आलो ते सोडून. आणि उठून दाराशी गेल्यावर तिथनं मागे वळून खरं बोलतात. बाय म्हणायची, माझी सगळी कामां दारात होतत, टेबलार नाय.

पहिल्या वर्षी तिच्याकडून एक चूक झाली. ती शेवटपर्यंत सांगायची. वरच्या गावातला महादू म्हणून म्हातारा आला. काजूचं कलम करणारा. आला, बसला, नमस्कार केला आणि गप्प. बाहेर लाईन वाढत होती. बायला त्याचे गुडघे आठवले, मागच्या खेपेला तेच होतं. ती म्हणाली, गुडघे दुखतत मां? तो म्हणाला, होय. चढताना जास्त? होय. पाठवला हाडांच्या डॉक्टरकडे. गोळ्या घेऊन गेला घरी.

तिसऱ्या दिवशी त्याला रिक्षात आडवा घालून आणला. लघवी बंद. पोट फुगून दगड. नळी घातली म्हणून वाचला. गुडघ्याचं काहीच नव्हतं त्या दिवशी. बाईमाणसाला लघवीचं कसं सांगायचं म्हणून बसला होता गप्प.

बाय त्या दिवशी माझ्याकडे देवबागला आली आणि पायरीवर बसून रडली. म्हणाली, "गुरू, आपल्या माणसाक सवय आसा. देवळात गावकर सगळ्यांच्या वतीन देवाक गाऱ्हाणा घालता, आणि आपलो माणूस नुसतो होय म्हाराजा म्हणता. आज तेचा गाऱ्हाणा मीच घातलंय. होय म्हणण्याशिवाय तेका काय ठेवलंयच नाय."

त्यानंतर तिने दुसऱ्याचं गाऱ्हाणं घातलं नाही.

ती काय करायची ते मी एकदा बघितलंय. माझ्या अंगठ्यात गळ घुसला होता, इंजेक्शनला गेलो होतो, बाकावर बसलो होतो. एक बाई आल्या, वेंगुर्ल्याच्या, जोहरा नाव. सासूला दाखवायला आले म्हणाल्या, पण सासू बरोबर नाही. बायने खुर्ची दाखवली. आपलं नाव सांगितलं. एसटीने आलात की रिक्षाने, एवढंच विचारलं, ज्याचं उत्तर कोणीही देईल. मग कागदांवर शिक्के मारत राहिली. तोंडाकडे बघेना. मला वाटलं विसरली त्या बाईला.

थोड्या वेळाने शिक्का मारता मारता म्हणाली, "सासूचा आसा की तुमचा? कोणाचाय असांदे."

  बायने अजून चार शिक्के मारले असतील. मग बाई म्हणाल्या, माझाच.

बाय म्हणाली, "बरा केलास. काय दुखता, काय दिसता, की दुसराच काय तां? ह्यातला काय नसात तर नाय म्हणा, माका राग येवचो नाय."

दिसतं, म्हणाल्या.

"माका सांगतास, की बाई डॉक्टरांकच सांगतास? थंय दार बंद होता."

बाई उठल्या. दाराशी गेल्या. मला वाटलं चालल्या घरी. तिथनं परत आल्या, वाकल्या आणि छातीला हात लावून म्हणाल्या, गाठ आहे, दोन महिने झाले. बायने तेच हळू परत म्हटलं, छातीत गाठ, दोन महिने, बरोबर मां? मग उठून स्वतः नेलं आत. बाहेर आली ती मला म्हणाली, काय रे, गळ तुझ्या अंगठ्यात आणि तोंड असा, गळ गिळलेल्या माशाचा?

मी तिला विचारलं होतं, सरळ का नाही विचारत काय झालं म्हणून. ती म्हणाली, सरळ विचारलेला झेपणारो माणूस नमस्कार करून गप्प बसणा नाय.

हे सगळं मला माहीत होतं. हे लिहितोय ते म्हणूनच.

फेब्रुवारीत एका दुपारी, चार वाजले असतील, बायचा फोन आला. ती मालवणात खोली घेऊन राहायची. मी होडीजवळ जाळं शिवत होतो. हॅलो गुरू, म्हणाली. मी म्हटलं काय गो बाय. काय नाय, काय करतंस. म्हटलं जाळा शिवतंय. मग ती गप्प. फोन ठेवला नाही. पंख्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "दमलंस आसतलंस. कामाक गर्दी झाली मां?"

ती म्हणाली, होय.

"मगे पड जरा."

होय, म्हणाली. मग परत म्हणाली, गुरू. मी म्हटलं बोल. तेवढ्यात चंदनने, माझ्या भागीदाराने, दोरी धरायला हाक मारली. ती म्हणाली, जा तू, ठेवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने तिचं दार वाजवलं, उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. आदल्या दिवशीपासून दुखत असणार, खांदा, जबडा, बायकांचं हृदयाचं दुखणं लवकर कळून येत नाही म्हणाले. दवाखाना तिच्या खोलीपासून दहा मिनिटं. ती रोज चालत जायची.

तुझा आसा की दुसऱ्याचा, एवढं विचारायचं होतं. मला पाठ होतं. आणि विचारून गप्प बसायचं होतं. जाळं हातात होतंच की, चार गाठी मारायच्या होत्या.

महिन्याने देवळात गेलो. भाई गावकर नारळ घेऊन उभे राहिले आणि बायसाठी गाऱ्हाणं घातलं. लेक गेली, तिका शांती दी, मागच्यांका बळ दी. सगळे होय म्हाराजा म्हणाले. माझं तोंड उघडलं नाही.

भाईंनी बघितलं. सगळे बाहेर गेले तरी ते नारळ घेऊन तसेच थांबले. म्हणाले, "गुरू, तुझा वेगळा काय आसा?"

मी खांबाला टेकून बसलो. भाईंनी समईची वात सारखी केली. फुलं उचलली. मी उठलो, दाराशी गेलो, उंबऱ्यावरनं मागे वळलो.

म्हटलं, "भाई, तिना काय सांगूक फोन केल्लो, तां माका ऐकूचा आसा."

भाईंनी नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्या गाऱ्हाणा माका घालूक येवचा नाय रे," म्हणाले, आणि नारळ खाली ठेवला.